भाचीबाई, प्रॉम्प्टरसमोर बसण्याआधी

खडकीच्या लढाईवर तीन मिनिटं कॅमेऱ्याकडे बघून बोलणार आहेस म्हणे! मग मामाचं एवढं ऐक.

१. तीन मिनिटांना साधारण सव्वातीनशे शब्द धर, आणि मग मोठ्याने वाचून घड्याळ लाव – मनातल्या मनात वाचताना दम लागतच नाही, म्हणून वेळ नेहमी कमी भरतो.

२. तुझं हे वाक्य बघ: ‘५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे बापू गोखले यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांच्या मोठ्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला.’ ते असं मोड –

पाच नोव्हेंबर, / अठराशे सतरा. //
जागा, / आपली खडकी. //
पेशव्यांची फौज मोठी, /
सेनापती बापू गोखले. //
तरी लढाई / इंग्रजांनी जिंकली. //

३. आकडे अक्षरांत लिही – ‘१८१७’ दिसलं की ‘एक हजार आठशे’ म्हणू की ‘अठराशे’, यात जीभ अडखळते, आणि ते कॅमेऱ्याला दिसतं.

४. एक रेघ म्हणजे क्षणभर थांब, दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास. खुणाच वापर, ‘थांबा’ असा शब्द नको – घाईत तोही वाचला जातो.

५. मूळ लांब वाक्यच ठेवलंस, तर श्वास ‘फौजेचा’नंतर घे, ‘पराभव’ आणि ‘केला’च्या मध्ये नको – मराठीत अर्थ क्रियापदावर पुरा होतो, तिथे दम तुटला तर वाक्यच तुटतं. क्रियापद गाठेपर्यंत वारा राखावा.

६. ठळक शब्द वाक्यात एकच, तोही शक्यतो क्रियापदाच्या अलीकडे आण. ‘इंग्रजांनी लढाई जिंकली’ ही नुसती बातमी. ‘लढाई इंग्रजांनी जिंकली’ म्हटलं की कोणी ते ठसतं – आपला जोर शब्दांच्या जागेतच असतो. सगळंच ठळक, तर काहीच ठळक नाही.

७. ओळीत चार-पाच शब्दच ठेव, आणि ‘बापू’ एका ओळीत अन् ‘गोखले’ दुसऱ्या ओळीत जाऊ देऊ नकोस – ओळ लांब झाली की बुबुळं डावी-उजवीकडे पळतात, आणि पाहणाऱ्याला कळतं की बाई वाचतेय.

८. तिरका टाइप टाळ, आणि मजकूर प्रॉम्प्टरवर चढवल्यावर ‘सैन्य’, ‘लष्करी’, ‘पर्वती’ हे शब्द आधी तपास – फॉन्ट बिघडला की जोडाक्षरं आणि रफार सुटे पडतात.

९. परिच्छेदाची सुरुवात ‘त्यामुळे’ किंवा ‘तो’ने करू नकोस, ‘पेशवे पर्वतीवरून लढाई पाहत होते’ असं नावानिशी लिही – मध्येच खडकी स्टेशनावर गाडी आली, तर तेवढाच परिच्छेद पुन्हा घेता येतो.

१०. सरकवणाऱ्याला सांग, तुझ्या आवाजामागे चाल – मजकूर पुढे पळाला की रेघा कितीही मारल्यास तरी श्वास घ्यायला उसंत मिळत नाही.

उद्या आरशासमोर एकदा मोठ्याने वाच. जिथे धाप लागेल तिथे पेन्सिलीने रेघ मार, आणि मगच कॅमेरा सुरू कर.