शनिवारचा डबा नको असेल तर?

"मुलीचं ड्रॉइंग बेताचंच आहे, तिला यूएक्स डिझाइन जमेल का?" वडिलांचा प्रश्न. मुलगी तिसऱ्या वर्षाला. तिने पोर्टफोलिओ उघडला: मेसच्या डब्याचं अ‍ॅप, फिग्मात केलेला क्लिक होणारा प्रोटोटाइप. स्क्रीन छान होत्या, पण तशा सगळ्यांच्याच असतात. मी रेंगाळलो तो चाचणीच्या पानांवर.

तिने पाच जणांना बसवलं होतं. सगळे डबा लावणारे, पण वर्गातला एकही नाही. मैत्रिणी कौतुक करतात, अडत नाहीत. त्यांना दिलेलं काम असं: "तुम्ही शनिवार-रविवार गावी चाललाय, त्या दोन दिवसांचा डबा नकोय." "डबा स्थगित करा" असं ती म्हणाली असती, तर बटणावरचाच शब्द सांगून बसली असती. पहिल्या माणसाच्या वेळी एक घोळ झालाच. फिग्मात चुकीच्या जागी टॅप केलं की क्लिक होणाऱ्या जागा निळ्या चमकतात आणि उत्तर आपोआप फुटतं. ती सोय बंद करून तिने त्याच्या जागी नवा माणूस घेतला.

मग ती गप्प बसली. हे सगळ्यात अवघड. कुणी "आता काय करू?" विचारलं, तर "मी नसते तर काय केलं असतं?" एवढंच.

वहीत नोंदी होत्या, मतं नव्हती. "गोंधळले" असं नाही, तर "कॅलेंडरवर शनिवार तीनदा दाबला." पाचपैकी चौघांनी हेच केलं, बटण मात्र प्रोफाइलमध्ये दडलेलं. ते सापडल्यावरही दोघांचं बोट थबकलं: "महिनाभराचा डबा बंद होईल का?" एकाला हिरवा रंग आवडला नाही. ती आवड झाली, अडचण नव्हे. तिने ती बाजूला ठेवली.

दुरुस्त्या नोंदींतूनच निघाल्या. तारीख दाबली की "या दिवशी डबा नको", आणि खाली "सोमवारपासून डबा पुन्हा सुरू".

पाचच माणसं कशी पुरतात? यूजेबिलिटी तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलेल्या हिशेबात एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी दाखवतो, पाच जण मिळून सुमारे 85. पुढे त्याच त्या दिसत राहतात. अर्थात, माणसं एकाच गटातली हवीत. डबा करणाऱ्या काकूंसाठी वेगळी माणसं लागतील. आणि "पाचपैकी चार" म्हणजे "80 टक्के ग्राहक" असं पोर्टफोलिओत लिहाल, तर जाणकार मुलाखतकार तिथेच अडवेल.

दुरुस्तीनंतर तिने नवे पाच जण बसवले. सगळ्यांचं काम झालं, पण दोघांनी विचारलं, "फक्त रात्रीचा नको असेल तर?" तिच्या पुढच्या यादीत पहिलं तेच होतं.