पत्त्यांची यादी नकाशावर उतरवताना

मालेगावच्या गिऱ्हाइकांची यादी संगणकावर घेतली, तेव्हा एकाच रस्त्याची चार रूपे निघाली: किदवाई रोड, किदवई रोड, `Kidwai Road`, `Qidwai Rd`. उर्दूत हे नाव मोठ्या क़ाफने लिहितात. इंग्रजीत कोणी त्याचा Q करतो, कोणी K. मराठीत क एकच. मुनीम तर कानावर पडेल तसे लिहिणार.

पत्त्यावरून नकाशावरचे अक्षांश-रेखांश काढणे म्हणजे जिओकोडिंग. टेम्पोच्या फेऱ्या ठरवायला ते उपयोगी पडते. पण यादी तशीच पाठवू नये. मूळ पत्त्याचा रकाना न बदलता शेजारी दुसरा करावा. त्यात मोहल्ला, रस्ता, गाव यांचे प्रत्येकी एकच रूप ठेवावे आणि मराठी आकडे इंग्रजी करावेत.

आमची चूक जिल्हा न लिहिण्याची झाली. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, तसेच वाशिम जिल्ह्यातही आहे. दोहोंत सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर. काही दुकाने थेट वाशिमला जाऊन बसली, आणि नकाशाने तक्रार केली नाही! ही चूक पिनकोडने पकडली. वहीत ४२३२०३ होता, उत्तरात आलेला ४४४ ने सुरू होत होता. म्हणून पहिल्या फेरीत जिल्हा द्यावा, पिनकोड मात्र मागे ठेवावा. तोच आधी दिला, तर नंतर पडताळायला वेगळा साक्षीदार उरत नाही.

गूगलच्या उत्तरात `location_type` हा शब्द पाहावा. `ROOFTOP` म्हणजे नेमकी जागा. `GEOMETRIC_CENTER` म्हणजे रस्त्याचा किंवा मोहल्ल्याचा मध्य. `APPROXIMATE` म्हणजे अंदाज. सोबत `partial_match` आले, तर पत्त्याचा काही भाग जुळलेला नाही. पण `ROOFTOP` आले म्हणून निर्धास्त होऊ नये. नेमकी जागा चुकीच्या गावातलीही असू शकते.

खरा धोका गावाच्या मध्यबिंदूचा. मोहल्ला सापडला नाही की सगळी दुकाने त्याच एका ठिपक्यावर पडतात. अक्षांश F व रेखांश G रकान्यात असतील, तर हे सूत्र लावावे:

```
=COUNTIFS(F:F,F2,G:G,G2)
```

आकडा मोठा आला की ती दुकाने खरोखर एकाच इमारतीत आहेत का, हे पाहावे. मार्केटची इमारत असेल तर ठीक. नयापुरा व इस्लामपुरा एकाच ठिपक्यावर असतील, तर ते ठिपके टेम्पोवाल्याच्या हाती देऊ नयेत.

शेवटी सगळ्या यादीतून, डोळे मिटून, तीस पत्ते निवडावेत व दुकानदाराला फोन करून जवळची खूण विचारावी. मशिदीजवळ, कारखान्यामागे, एवढे पुरते. तिसांत पाच चुकले, तर उरलेल्या यादीतही साधारण सहात एक चूक धरून चालावे. फक्त चांगले दिसणारे पत्ते तपासले, तर हा हिशेब खोटा पडतो. जे जुळतच नाहीत, त्यांची जागा दुकानदाराकडून मोबाइलवर मागवावी. आमच्या यादीत गल्लीबोळांतले बरेच पत्ते असेच भरावे लागले.