२ लाख ८० हजार पगार, पण हातात किती? जर्मनीच्या ऑफरचा खरा हिशोब



दुकान चालवणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. संध्याकाळी गल्ल्यात ४० हजार जमले म्हणजे ४० हजार कमावले असं होत नाही. त्यातून मालाचे, भाड्याचे, लाईटबिलाचे पैसे जातात आणि उरतो तो आपला. परदेशातल्या पगाराची ऑफर आली की मात्र आपण हेच विसरतो आणि गल्ल्यालाच नफा समजतो.

आमच्या बॅचमधला एक मुलगा आहे, अलिबाग तालुक्यातला. वय २६, लग्न झालेलं नाही, आयटीआय करून वायरमनचं काम करतो. त्याला स्वतःचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप टाकायचंय आणि त्यासाठी १५ लाख भांडवल हवंय. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे जर्मनीचं नाव जास्त ऐकू येतं. यालाही तिथली ऑफर आली: महिना २,८०० युरो. तो मला म्हणाला, "सर, महिन्याला २ लाख ८० हजार! सहा महिन्यांत वर्कशॉप उभं."

(सोपं जावं म्हणून मी १ युरो = १०० रुपये धरतोय. तुम्ही त्या दिवसाचा भाव घ्या.)

घोटाळा कुठे होतो?

श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडे घरटी कुणीतरी आखातात असतो. दुबई, कतार, कुवेत इथे पगारावर इन्कम टॅक्स नाही. बऱ्याच ठिकाणी खोली कंपनीची असते. त्यामुळे "पगार किती?" या प्रश्नाचं उत्तर आणि हातात येणारी रक्कम यांत फारसा फरक नसतो. आपल्या कानाला तीच सवय लागली आहे. जर्मनीत तो हिशोब चालत नाही.

पायरी १: ब्रुट्टोवरून नेटोवर या

जर्मन ऑफरमध्ये लिहिलेला आकडा 'ब्रुट्टो' असतो, म्हणजे कापायच्या आधीचा. हातात येतो तो 'नेटो'. मधे दोन गोष्टी कापल्या जातात. एक इन्कम टॅक्स आणि दुसरी सामाजिक विमा, म्हणजे पेन्शन, आजारपण, बेकारी आणि म्हातारपणातली देखभाल. बहुतेकांना वाटतं टॅक्सच जास्त कापतील. प्रत्यक्षात या पगारावर उलटं होतं. २०२५ च्या दराने आपल्या वायरमनचा टॅक्स साधारण २६० युरो होतो, आणि विम्याचे ६०० युरो. हातात येतात सुमारे १,९४० युरो.

तुमचा आकडा काढायचा असेल तर गुगलवर `Brutto-Netto-Rechner` टाका. पगार आणि वय भरा, टॅक्स वर्गात I निवडा.

लग्न झालेल्यांनी इथे जरा थांबा. जर्मनीत जोडप्यांना टॅक्सची सवलत मिळते, असं एजंट सांगतो. ते खरं आहे, पण बायको गावी रायगडात राहत असेल तर तुम्हाला सर्वसाधारणपणे वर्ग I च लागतो, म्हणजे अविवाहितासारखाच टॅक्स. तिकडे मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ताही मुलं भारतात असतील तर धरू नका.

पायरी २: भाडं, तेही 'गरम'

तिकडे भाडं दोन प्रकारे सांगतात. 'काल्टमीट' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं आणि 'वार्ममीट' म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. खोलीचं भाडं ५०० सांगितलं तर विचारा, थंड की गरम? आमच्या मुलाने पाहिलेली खोली थंड ५०० आणि गरम ६५० होती. शिवाय तीन थंड भाड्यांपर्यंत डिपॉझिट मागता येतं, म्हणजे १,५०० युरो त्यात अडकले.

आम्ही वहीत असं मांडलं:

- हातात: १,९४०
- गरम भाडं: ६५०
- किराणा, जेवण: २६०
- बस-ट्रेनचा मासिक पास: ६३
- फोन आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी (वाट्याने): ३०
- कपडे, औषध, किरकोळ: ८७
- उरले: ८५०

२,८०० चे ८५० झाले. रुपयांत ८५ हजार.

पायरी ३: घरी पाठवायचे पैसे

घरी आई-वडील आहेत आणि घराचा हप्ता आहे. त्याने महिना ४० हजार कबूल केलेत, म्हणजे ४०० युरो गेले, राहिले ४५०. वर्षातून एकदा गणपतीला यायचं तर तिकिटाचे महिन्याला ६० बाजूला काढा. राहिले ३९०.

पैसे पाठवताना "फी शून्य" या जाहिरातीवर जाऊ नका. कंपनी भावात २ टक्के कमी देते तेव्हा ४० हजारांमागे ८०० रुपये जातात, वर्षाला ९,६००. घरच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील एवढंच विचारा आणि त्यावरून तुलना करा.

मग १५ लाख कधी?

महिना ३९० म्हणजे वर्षाला सुमारे ४ लाख ६८ हजार. जर्मन भाषेचा क्लास, व्हिसा, पहिलं तिकीट यासाठी त्याने २ लाख कर्ज धरलंय. म्हणजे १७ लाख जमवायचे. साडेतीन वर्षांच्या पुढे गेलं की हो! सहा महिने कुठे आणि साडेतीन वर्षं कुठे.

हे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे दुबईच बरी?" चला, तेही मांडू. त्याच्या हातात दुबईची ३,००० दिरहमची ऑफरही होती. खोली, जेवण आणि सुट्टीचं तिकीट कंपनीचं. दिरहम २३ रुपये धरला तर ६९ हजार. स्वतःचा खर्च ६०० दिरहम वजा केला की ५५ हजार उरतात. जर्मनीचे तिकीट काढून ७९ हजार. कागदावर चौपट दिसणारा पगार हिशोबात दीडपटीच्या आत आला. तरी जर्मनी पुढेच आहे, शिवाय कापलेलं सगळं वाया जात नाही. पाच वर्षांपेक्षा कमी काम करून परत आलात, तर दोन वर्षं थांबून पेन्शनमधला स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. याच्या पगारावर तो महिना २६० युरोच्या आसपास आहे. फक्त तो पैसा वर्कशॉपच्या भांडवलात धरू नका, उशिरा येतो.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

पगारात २५० युरो वाढवून मिळाले तर त्यातले हातात जेमतेम १४० येतात, बाकी पुन्हा टॅक्स आणि विमा. पण भाड्यात २५० वाचले तर ते सगळे तुमचे. म्हणून मी त्याला म्हटलं, पगारावर घासाघीस करण्याआधी राहण्याचं विचार. त्याने विचारलं. कंपनीच्या ओळखीने कामाच्या गावातच दोघांत एक खोली मिळाली, गरम भाडं ४००. ३९० चे ६४० झाले. तेच १७ लाख आता सव्वादोन वर्षांत जमतात.

सही करण्याआधी त्याने आणखी एक प्रश्न लेखी विचारला, तो तुम्हीही विचारा: २,८०० हा आकडा माझ्या आयटीआय सर्टिफिकेटला तिथे मान्यता मिळाल्यानंतरचा, की पहिल्या दिवसापासूनचा? मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगार देणार असतील तर वरची सगळी वही तेवढ्या महिन्यांसाठी नव्याने मांडावी लागेल. त्याच्या उत्तराची आम्ही अजून वाट बघतोय. ते आलं की मगच सही.