निवृत्त होणाऱ्या भागीदाराने क्लोजिंग स्टॉक आधी पाहावा

खाद्यतेलाच्या घाऊक धंद्यातून मी 31 मार्चला निवृत्त झालो. नफ्यात निम्मा वाटा माझा. ताळेबंद समोर आला तेव्हा ढोबळ नफा 70,000 रुपये. वर्षभर भाव चढत होते, त्यामुळे तो आकडा मला पटेना.

मग स्टॉकची यादी मागितली. तीत 120 डबे होते आणि प्रत्येकापुढे एकच दर होता, 1,850 रुपये. हा दर आमच्या एकाही खरेदी बिलावर नव्हता! तिथेच सगळं कळलं.

वर्षाच्या सुरुवातीला 100 डबे होते, 1,600 ने. जुलैत 200 घेतले 1,800 ने, जानेवारीत 100 घेतले 2,200 ने. एकूण 400 डबे, किंमत 7,40,000. भागाकार केला की भारित सरासरी 1,850 येते आणि शिल्लक माल 2,22,000 चा ठरतो. पण आम्ही कायम फिफोने स्टॉक धरत आलो होतो. म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असं धरायचं, आणि उरलेला माल शेवटच्या खरेदीचा. जानेवारीचे 100 डबे 2,200 ने, जुलैचे 20 डबे 1,800 ने, मिळून 2,56,000. विक्री होती 280 डब्यांची, 5,88,000 ची. फिफोने नफा 1,04,000 झाला असता. फरक 34,000 चा, त्यातले 17,000 माझे.

भागीदाराला विचारलं, तर म्हणाला, "दोन्ही पद्धती कायद्याला मान्य आहेत, दादा." आहेतच. लेखामानक 2 दोन्हींना परवानगी देतं. पण एकदा धरलेली पद्धत सबळ कारणाशिवाय बदलायची नसते, आणि बदलली तर नफ्यावर किती परिणाम झाला ते लिहून दाखवावं लागतं. त्याच्या ताळेबंदात त्याबद्दल एक ओळही नव्हती. गोदामात जुने-नवे डबे मिसळले होते, हे त्याचं कारण. डबे कसे रचले याचा फिफोशी संबंध नसतो, ती हिशेबात धरलेली रीत असते.

मला जास्त झोंबलं ते पुढचं. हे 34,000 बुडालेले नव्हते. या वर्षीचा क्लोजिंग स्टॉक हाच पुढच्या वर्षीचा ओपनिंग. तो कमी धरला की माल विकल्यावर तेवढाच नफा पुढच्या वर्षी वाढतो, आणि तेव्हा मी भागीदार नसणार. माझे पैसे त्याने गिळले नाहीत, नुसते पुढच्या पानावर सरकवले, असं तो आजही म्हणेल.

वेगळे होणार असाल तर मागच्या दोन वर्षांच्या स्टॉक याद्या आधी हातात घ्या. भाव चढत असतील तर सरासरीने नफा कमी दिसतो. उतरत असतील तर जास्त. मात्र बाजारभाव खरेदीच्या खाली गेला असेल, तर कोणत्याही पद्धतीने स्टॉक त्या कमी किमतीलाच धरावा लागतो. करारनाम्यात पद्धतीचं नाव लिहून घ्या. कागद नीट वाचा, हे तर आहेच. आणि यादीतला दर बिलावर सापडत नसेल, तर तो कुठून आला हे विचारल्याशिवाय सही करू नका.