गेममध्ये पीसी बंद पडतो? स्टॅबिलायझर घेण्याआधी वाचा

ऐन रँक्ड मॅचमध्ये माझा पीसी बंद होऊन आपोआप परत सुरू व्हायचा. बाकी वेळी दिवसभर चालवा, काही नाही. एवढ्यावरून दुकानदाराने निकाल दिला, ‘ग्राफिक्स कार्ड गेलंय.’ विंडोजच्या Event Viewer मध्ये Kernel-Power 41 ही नोंद दिसली, तीही त्याने पुरावा म्हणून दाखवली. ती नोंद फक्त एवढंच सांगते की विंडोज नीट बंद न होता पीसी बंद पडला. का पडला, ते सांगत नाही. डीपीवरच्या शेतीपंपांमुळे व्होल्टेज पडत असेल असं मी म्हणालो, तर त्याने स्टॅबिलायझर गळ्यात मारला.

त्याच स्टॅबिलायझरने शेवटी खरं काय ते दाखवलं. संध्याकाळी पंप सुरू झाले, त्यावरचा आकडा 170 वर आला, रिलेचा ‘टक्’ आवाज झाला आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी! रिले बदलताना वीज क्षणभर तुटते; स्टॅबिलायझर नव्हता तेव्हा लाईनवरच असा खंड पडत असणार. पीसीच्या एसएमपीएसमधले कॅपॅसिटर पूर्ण लोडवर साधारण 16-17 मिलिसेकंदच तग धरतात. माझा पीसी एरवी 80 वॅट घेतो, गेममध्ये 350. म्हणजे तीच साठवण चौपट वेगाने संपते. म्हणून गेममध्येच बंद पडायचा! कार्ड ठणठणीत होतं. हे सांगायला गेलो तर त्या गृहस्थाने मान वर करून पाहिलंही नाही, पैसे परत देणं दूरच.

तुमच्या एसएमपीएसवर 100-240 व्होल्ट छापलं असेल, तर नुसत्या कमी व्होल्टेजची त्याला अडचण नसते. त्याला मारतो तो क्षणभराचा खंड, आणि स्टॅबिलायझरकडे बॅटरीच नसते. लेबलवर 200-240 असेल तर कमी व्होल्टेजही बाधतं. दोन्हींवर उपाय लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. मात्र व्हीए नको, वॅट बघा. 600 व्हीएचा बहुतेक यूपीएस 360 वॅटचा असतो. माझा पीसी आणि मॉनिटर मिळून 380 होतात. वीज गेली की तो ओव्हरलोड होऊन बंद पडणार. मी 1000 व्हीए, 600 वॅटचा घेतला. दुकानातून आणल्यावर गेम चालू ठेवून सॉकेटचं बटण बंद करा. तेव्हा पीसी टिकला तरच यूपीएस ठेवा, नाहीतर लगेच परत करा. पावती जपून ठेवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते आधी पाहा. दुसऱ्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला इतका वेळ लावतो की पीसी बंद पडतो.

यूपीएस गप्प, दिवे स्थिर आणि तरीही पीसी बंद पडला, तर दोष विजेचा नाही. एसएमपीएस बदलून बघा. आणि घरातले काही दिवे अचानक प्रखर, काही मंद होत असतील, तर न्यूट्रल सैल असू शकतो. अशा वेळी पीसीचा प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. तो धोका यूपीएसने टळत नाही.