शिकवले, पण कामात उतरले का?

मनुष्यबळ व्यवस्थापनात प्रशिक्षणाचा परिणाम चार पायऱ्यांनी मोजतात. अमेरिकेच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये त्या मांडल्या.

समजा, आपल्या शिलाई कारखान्यात उस्तादांनी कारागिरांना मशीनवर बसवून कॉलर लावण्याची नवी पद्धत शिकवली. पहिले, शिकवणे पटले का ते विचारावे. दुसरे, आधीची व नंतरची कॉलर ताडून पाहावी. तिसरे, महिन्याने न सांगता पाहावे, हात नव्या पद्धतीने चालतो का. चौथे, परत आलेले नग मोजावेत. मात्र कापड तेच असावे.

बहुधा गाडी तिसऱ्या पायरीवर अडते. सुरुवातीला हात मंदावतो, नगावरची मजुरी घटते आणि कारागीर जुन्या पद्धतीकडे वळतो. तेथे पुन्हा शिकवून भागत नाही. काही दिवस रोजंदारी द्यावी, असे आम्हाला वाटते.