कलाकंद किती करायचा?

आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासूनचा एक दंडक होता: संध्याकाळी सातला आलेल्या गिऱ्हाइकालाही काचेमागे भरलेला ट्रे दिसला पाहिजे. रिकामा ट्रे दिसला की गाव म्हणणार, यांचं काही खरं नाही. त्यामुळे रविवारी १२ किलो कलाकंद पडायचा, आणि ठरवून कोणी तो आकडा काढलेला नव्हता. उरलेला कामगारांच्या घरी जायचा, थोडा शेजारीपाजारी. वहीत त्याची नोंदच नव्हती, म्हणून गल्ला भरलेला दिसे आणि तोटा दिसत नसे.

१ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लिहिणं सक्तीचं झालं. त्याआधी कालचा माल आजच्या मालात मिसळून खपवणारी दुकानं थोडी नव्हती. तारखेची पाटी आल्यावर ती पळवाट बंद झाली. कलाकंद ओलसर, दुधाचा. दुसऱ्या दिवशी आंबूस वास येऊ लागतो. तेव्हा उरलेला किलो म्हणजे गेलेला किलो, असं धरूनच हिशोब करावा लागला. तो कसा करायचा, ते आमच्याच आकड्यांवर सांगतो. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

किलोचा विक्रीभाव ५६० रुपये. एक किलो करायला दूध, साखर, गॅस, वरचा पिस्ता मिळून ३४० रुपये जातात. दुकानाचं भाडं आणि कारागिराचा पगार यात धरायचा नाही. ८ किलो केला काय आणि १२ केला काय, तो तेवढाच द्यायचा असतो. म्हणजे विकला गेलेला किलो २२० रुपये देतो आणि उरलेला किलो ३४० रुपये नेतो. खरी मेख इथे आहे. उरण्याची शिक्षा विकण्याच्या बक्षिसापेक्षा मोठी आहे, तरी आम्ही कमी पडू नये एवढ्याचीच काळजी करत होतो.

आता २२० ला २२० आणि ३४० च्या बेरजेने, म्हणजे ५६० ने भागा. उत्तर ०.३९ येतं. याचा अर्थ असा: इतका माल करा की शंभरातल्या सुमारे ३९ दिवशी तो पुरेल आणि बाकीच्या दिवशी संपेल. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, कारण निम्म्याहून जास्त दिवशी शेवटच्या गिऱ्हाइकाला 'संपला' म्हणायची तयारी ठेवायची.

साध्या रविवारांची मागणी चढत्या क्रमाने मांडली, सणावाराचे रविवार वगळून. २० रविवारांत ती अशी आली, किलोमध्ये: ५, ६, ६, ७, ७, ८, ८, ८, ९, ९, ९, १०, १०, १०, ११, ११, १२, १३, १४, १६. वीसपैकी ०.३९ म्हणजे जवळपास आठवा आकडा. तो ८ आहे. सरासरी साडेनऊच्या जवळ येते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात, किंवा 'वर थोडा जास्त असू दे' म्हणून बाराला जातात.

त्याच २० रविवारांवर ८, १० आणि १२ हे तिन्ही आकडे ताडून पाहिले. दर रविवारी १२ किलो केला असता तर १८२ किलो विकला जाऊन ५८ किलो उरला असता आणि हाती २०,३२० रुपये राहिले असते. १० किलोवर २८,३२०. ८ किलोवर १५१ किलोच विकला जातो, पण उरतो फक्त ९ किलो आणि हाती ३०,१६० रुपये येतात. कमी विकून जास्त मिळतं, हे वडिलांना पटवायला मला हेच कोष्टक दाखवावं लागलं. ते दोनदा बेरीज करून गप्प बसले.

९ किलोवर ३०,०८० रुपये येतात. म्हणजे ८ आणि ९ मध्ये वीस रविवारांत ८० रुपयांचा फरक. अचूक आकड्याच्या मागे लागू नये, हे यातून कळतं. रिकाम्या हाताने परतलेलं गिऱ्हाईक कदाचित पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जाईल, ही किंमत हिशोबात नव्हती. ती मनात धरून मी ९ घेतो.

हेच गणित बेसन लाडवाला लावलंत तर फसाल. लाडू पुढचे अनेक दिवस टिकतो, त्यामुळे उरलेला लाडू उद्या विकला जातो. उरण्याचा तोटा जवळजवळ शून्य आणि भागाकार एकाच्या जवळ जातो. तो बिनधास्त मोठ्या घाण्यात करावा. पदार्थागणिक आकडा वेगळा काढला पाहिजे. रात्री नऊनंतर अर्ध्या भावात विकण्याची सोय असेल तर कलाकंदाचाही आकडा वर सरकतो, पण आमच्याकडे नेहमीची माणसं त्या वेळेची वाट पाहू लागली, म्हणून ते बंद केलं.

खरी अडचण नंतर आली. वही विक्री सांगते, मागणी नाही. ८ किलो केला आणि सहालाच संपला, तर वहीत ८ पडतो. सातला येऊन परत गेलेल्यांची नोंद कुठेच नसते. अशा नोंदींवर पुन्हा हिशोब केला की आकडा खाली येतो, मग माल कमी, मग विक्री कमी, मग आकडा आणखी खाली. आमच्याकडे तो हळूहळू सहा किलोपर्यंत घसरला होता. नासाडी नाही म्हणून सगळे खूश होते, आणि संध्याकाळची माणसं येईनाशी झाली होती.

त्यावर उपाय एकच: शेवटचा तुकडा किती वाजता गेला ते काउंटरवरच्या माणसाने लिहायचं. ज्या रविवारी माल उरतो, त्या दिवसांवरून पाहिलं तर आमच्याकडे संध्याकाळी सहापर्यंत दिवसाच्या विक्रीपैकी सुमारे दोन तृतीयांश माल जातो. तर सहाला ८ किलो संपला असेल तर त्या दिवसाची मागणी १२ धरायची. वरच्या यादीतले मोठे आकडे असेच काढलेले आहेत. अंदाजच तो, पण ८ लिहिण्यापेक्षा खऱ्याच्या जवळचा.

माल दोनदा करता आला तर आणखी सोपं जातं. सकाळी ६ किलो करतो आणि ११ वाजता ट्रे पाहून पुढची कढई चढवायची की नाही ते ठरवतो. यापेक्षा उशिरा चालत नाही. कलाकंद जमायला चार-पाच तास लागतात आणि गरम तुकडे सुटे कापले जात नाहीत. ऑर्डरचा माल यात कधीच मिसळत नाही, त्याची वेगळी वही आहे. राखी, गणपती आणि दिवाळीचे आठवडे मी गेल्या वर्षीच्या त्याच सणाच्या आठवड्याशी जुळवतो, साध्या रविवारांशी नाही.